म्हणे कॅनामायसिन स्वस्त होतं!

टीबीच्या ज्या इंजेक्शनने माणसाचे कान जातात, मूत्रपिंडं धोक्यात येतात आणि एवढं करून निम्मे रुग्ण बरेही होत नाहीत, त्याला आपल्या सरकारी खरेदीच्या कागदांवर वर्षानुवर्षं एकच विशेषण होतं. स्वस्त. आणि ज्या गोळ्यांनी ही सुई बंद झाली, त्यांच्या नावापुढे ‘महागडं औषध, जपून वापरा’ असा शेरा. माझा राग कुठल्या डॉक्टरवर नाही. माझा राग त्या तुलनात्मक तक्त्यावर आहे, आणि तो तक्ता पुराणातल्या वचनासारखा मानणाऱ्यांवर.

हा तक्ता मला पाठ आहे, कारण माझी सगळी नोकरी एका रुग्णालयाच्या खरेदी विभागात गेली. कुठल्या ते सोडा, तक्ता सगळीकडे सारखाच. पाकिटं उघडायची, दर एकाखाली एक लिहायचे, सगळ्यांत कमी दराच्या नावासमोर ‘एल-वन’ लिहायचं आणि फाइल वर पाठवायची. एल-वन सोडून दुसरं काही सुचवलं की लगेच पलीकडून आवाज येणार, “साहेब, उद्या ऑडिटवाले विचारतील.” एकाच औषधाच्या दोन कंपन्यांमध्ये निवड करायची असेल तर एल-वनला माझी हरकत नाही, पॅरासिटामॉल स्वस्तात मिळत असेल तर घ्यावंच. पण दोन वेगळ्या औषधांमध्ये, ज्यांचा गुण वेगळा, मुदत वेगळी, अपाय वेगळा, तिथेही हाच तक्ता लावणारे लोक मी पाहिलेत. कुपीचा दर माहीत, पण ती कुपी टोचल्यावर काय होतं त्याच्याशी देणंघेणं नाही.

आता विक्रोळीत राहणाऱ्याला एमडीआर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पार्कसाइटच्या टेकडीवर, सूर्यानगरात, आमच्या कन्नमवार नगरातही ‘त्याला एमडीआर निघालाय’ हे वाक्य कुणी ना कुणी ऐकलेलं असतं. नेहमीच्या दोन मुख्य औषधांना, आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिनला, न जुमानणारा हा टीबी. २००७ साली महाराष्ट्र आणि गुजरातपासून सरकारने त्याचे मोफत उपचार सुरू केले. उपचार असे : सहा ते नऊ महिने कॅनामायसिनचं इंजेक्शन, सोबत मूठभर गोळ्या, आणि त्यानंतर आणखी दीड वर्ष गोळ्या. एकूण दोन वर्षं आणि वर. कॅनामायसिन हे १९५७ साली जपानमध्ये सापडलेलं औषध, पेटंट केव्हाच संपलेलं, कुपी चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळणारी.

ते कान कसे घेतं तेही समजून घ्या, कारण सगळा हिशेब तिथेच दडलेला आहे. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात. हे औषध त्या मारतं, आणि माणसाच्या त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आधी मरतात त्या तीव्र, उंच सूर पकडणाऱ्या. रोजचं बोलणं त्याहून खालच्या पट्टीत चालतं, म्हणून रुग्णाला सुरुवातीला काहीच कळत नाही. कळतं ते फक्त ऑडिओमेट्री केली तर. दर महिन्याला तपासणी केली तर वेळेत इंजेक्शन थांबवता येतं. माणूस स्वतःहून ‘मला नीट ऐकू येत नाही’ म्हणतो तेव्हा उशीर झालेला असतो. जगभरचे अभ्यास एकत्र पाहिले तर ही इंजेक्शनं घेणाऱ्या साधारण दहातल्या चौघांच्या श्रवणशक्तीला इजा झाली. मुंबईतल्या पत्रकार नंदिता वेंकटेसन यांनी दुसऱ्यांदा झालेल्या टीबीच्या उपचारात, २०१३ साली, अशीच श्रवणशक्ती गमावली. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, पेटंटच्या लढाईत.

आता तक्ता उघडू. खालचे काही आकडे मी हिशेबापुरते धरलेले आहेत, आणि जिथे धरलेत तिथे ‘समजा’ म्हणतो.

समजा पार्कसाइटवर राहणारा, एलबीएस रोडवरच्या एका वर्कशॉपमधला कामगार आहे, पगार १५,००० रुपये. इंजेक्शन आठवड्यातून सहा दिवस, सहा महिने, म्हणजे १५६ सुया. कुपी समजा २५ रुपयांची, तर औषधाचा खर्च चार हजारांच्या आसपास. दुसऱ्या बाजूला ही सुई बंद करणाऱ्या गोळ्या, बेडाक्विलिन : सहा महिन्यांच्या कोर्सला १०० मिलिग्रॅमच्या १८८ गोळ्या. पहिले दोन आठवडे रोज चार, नंतर बावीस आठवडे आठवड्यातून तीनदा दोन-दोन. २०१८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी या कोर्सची किंमत ४०० डॉलर केली, तेव्हाचे अंदाजे २८,००० रुपये. गोळीमागे दीडशे रुपये. चार हजार विरुद्ध अठ्ठावीस हजार. एल-वन कोण? लिहा कॅनामायसिन, करा सही, बांधा फाइल.

पण त्या १५६ सुया टोचणार कोण? त्याला सिस्टरचा वेळ लागतो, सिरिंज लागते, आणि रुग्णाला रोज टेकडी उतरून आरोग्य केंद्र गाठावं लागतं. जाण्यायेण्याचे ४० रुपये धरा, सहा हजारांच्या वर गेले, तेही रुग्णाच्या खिशातून. सकाळची पाळी गेली ती वेगळीच. दर महिन्याला कानाची तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. काही बिघडलं तर लोकलने कुर्ला, तिथून हार्बरने शिवडीचं टीबी रुग्णालय. यातला एकही रुपया तक्त्यात नाही. कारण सिस्टरचा पगार दुसऱ्या हेडमधून जातो, तपासणी तिसऱ्या, आणि रिक्षाचं भाडं? ते तर सरकारच्या दृष्टीने खर्चच नाही.

तरीही समजा, हे सगळं जोडून इंजेक्शनवाल्या उपचाराचा दर माणशी एकूण खर्च एक लाख होतो. आणि खरेदीवाल्यांच्या बाजूने झुकतं माप देऊन मानू, की गोळ्यांमुळे बाकी काहीच वाचत नाही, फक्त औषधाचे २४,००० जास्त जातात. म्हणजे एक लाख चोवीस हजार. प्रत्येकी शंभर रुग्ण घ्या. जुन्या उपचाराने आपल्याकडे जेमतेम निम्मे बरे होत, ५० धरा. नव्याने समजा ७० झाले. आता भागाकार करा. जादा खर्च शंभर माणसांचा, २४ लाख. जादा बरी झालेली माणसं वीस. चोवीस लाख भागिले वीस, एक लाख वीस हजार. एक जादा माणूस बरा करण्याची ही किंमत. खर्चाच्या मानाने परिणाम म्हणतात तो इतकाच. जादा पैसे भागिले जादा लाभ.

यात एक चलाखी नेहमी होते, ती सांगून ठेवतो. सरासरी काढणारे लोक भेटतात. ‘जुन्यात एक कोटीत पन्नास बरे, म्हणजे दरडोई दोन लाख. नव्यात एक कोटी चोवीस लाखांत सत्तर, म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर. फरक किरकोळ आहे, कशाला बदला?’ ही सरासरी माणसाला झोपवते. जुना उपचार तर आपण देतच आहोत. ते पैसे जाणारच आहेत. प्रश्न एवढाच, की वरचे २४ लाख टाकले तर त्यांच्या बदल्यात काय हाती येतं. वीस माणसं. प्रश्न विचारायचा तो याच आकड्याला, आणि तो आकडा तुलनात्मक तक्त्यात कधीही नसतो.

एक लाख वीस हजार जास्त की कमी? त्यालाही एक माप आहे. माणसाला मिळालेलं एक धडधाकट वर्ष हे एकक धरायचं. आजारपणात काढलेलं वर्ष पुरं मोजायचं नाही, त्याला एकापेक्षा कमी वजन द्यायचं. आपल्याकडे २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाखाली हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया नावाची यंत्रणा असे हिशेब करते, आणि ढोबळमानाने देशाच्या दरडोई उत्पन्नाशी ताडून पाहते. म्हणजे आजच्या हिशेबाने एका धडधाकट वर्षामागे दोन लाखांच्या आसपास खर्च येत असेल तर तो समर्थनीय. आमचा तिशीतला कामगार बरा झाला तर त्याला मिळणार काही दशकं, एक वर्ष नव्हे. एक लाख वीस हजारांत! मग ‘महागडं औषध’ हा शेरा मारणाऱ्याने स्वतःच्या गाडीची किंमत आठवून पाहावी.

या मापावर माझा एक आक्षेप आहे आणि तो मी गिळणार नाही. बहिऱ्या माणसाच्या वर्षाला कमी वजन द्यायचं म्हणजे बहिरा माणूस कमी जगतो असं म्हणायचं का? शिवाय बुडालेल्या मजुरीवरून माणसाची किंमत काढली तर वांद्र्यातला मॅनेजर नेहमीच पार्कसाइटच्या बाईपेक्षा महाग ठरणार, घरकाम करणारी तर शून्यात जाणार. हे दोष खरे आहेत. पण या दोषांवर बोट ठेवून मोजमापच नको म्हणणारे शेवटी कुपीच्या दरावरच येऊन थांबतात, आणि त्या मापात तर बहिरेपणाला वजनच नाही. कमीही नाही, जास्तही नाही.

आता विमाकर्त्याकडे वळू, कारण तिथे मामला फारच रंजक होतो. आमच्या या कामगाराचा पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे तो ईएसआयमध्ये आहे. मुलुंडचं ईएसआय रुग्णालय या पट्ट्यातल्या कामगारांना ठाऊक असतं, पण ईएसआय म्हणजे नुसता दवाखाना नव्हे, तो विमा आहे. आजारी पडल्यावर तो बुडालेली मजुरीही देतो. पहिले ९१ दिवस मजुरीच्या ७० टक्के. आणि टीबी हा दीर्घ आजारांच्या यादीत असल्यामुळे, अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला त्यापुढे ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. पंधरा हजारांचे ८० टक्के म्हणजे महिन्याला बारा हजार.

म्हणजे हिशेब बघा. ज्या विमाकर्त्याला फक्त औषधाचं बिल भरायचं आहे, त्याला कॅनामायसिन २४,००० ने स्वस्त. ज्याला मजुरीही भरायची आहे, त्याच्यासाठी कामगार दोन महिने लवकर कामावर परतला की हा फरक फिटला. तीन महिने लवकर परतला तर महागडं औषध बारा हजारांनी स्वस्त पडलं. औषध तेच, आजार तोच, माणूस तोच. बदललं काय? बिलाचा कुठला भाग कुणाच्या खिशातून जातो, तेवढंच. म्हणून कुणी ‘हे औषध परवडत नाही’ म्हटलं की मी पहिलं विचारतो, कुणाला? आणि ईएसआयचा चोपडाही पुरा नाही. अपंगत्वाचा लाभ मिळतो तो कामावरच्या दुर्घटनेचा किंवा व्यवसायजन्य रोगाचा. टीबीच्या इंजेक्शनने गेलेले कान त्यात बसत नाहीत. तो तोटा बायकोच्या चोपड्यात जातो, जिचं ऑडिट कुणी करत नाही.

इतकं वाचून औषध कंपन्यांचे प्रतिनिधी टाळ्या वाजवायच्या बेतात असतील. थांबा जरा. महाग औषध योग्य ठरू शकतं याचा अर्थ कंपनीने सांगितलेली किंमत योग्य, असा मुळीच नाही. वरचाच भागाकार तीन किमतींवर करून दाखवतो. सुरुवातीला कंपनीने देशांच्या ऐपतीप्रमाणे पायऱ्या केल्या होत्या : गरीब देशांना ९०० डॉलर, मध्यम उत्पन्नाच्या देशांना ३,०००, श्रीमंतांना ३०,०००. तीन हजार डॉलर म्हणजे त्या वेळचे जवळजवळ दोन लाख रुपये. या भावात आपल्या उदाहरणातला एक जादा माणूस बरा करायला साडेनऊ लाखांच्या वर लागतात. चारशे डॉलरच्या भावात एक लाख वीस हजार. आणि २०२३ मध्ये जागतिक खरेदी यंत्रणेला कंपनीने हाच कोर्स १३० डॉलरला द्यायचं ठरवलं, तो भाव धरला तर चौतीस हजार. गोळी तीच. तिच्यात २०२३ साली काही जास्त ताकद आली नाही.

मग भाव का उतरला? या औषधाच्या मूळ रेणूचं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपायचं होतं. कंपनीला त्याच्या क्षाररूपावर आणखी चार वर्षांची मक्तेदारी हवी होती. नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघीही टीबीच्या इंजेक्शनांनी श्रवणशक्ती गमावलेल्या, यांनी २०१९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यानंतर इथल्या कंपन्यांना हे औषध बनवायचा रस्ता मोकळा झाला, आणि काही महिन्यांत कंपनीला स्वतःचा भाव निम्म्याहून खाली आणायची उपरती झाली. किमतीवर भांडणं हा खर्च-परिणामाच्या हिशेबाचाच भाग आहे. भागाकारातला वरचा आकडा देवाने दिलेला नसतो.

आणि ‘फुकट’ या शब्दाला भुलणाऱ्यांसाठीही दोन शब्द. आपल्याकडे हे औषध २०१६ साली आलं ते देणगीतून, आणि आधी देशातल्या फक्त सहा केंद्रांवर. फुकट, पण मोजकं. परिणाम? पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला दिल्लीतल्या केंद्रावर ‘तू दिल्लीची रहिवासी नाहीस’ म्हणून नाकारलं गेलं. तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये औषध मिळालं. जंतू रहिवासाचा दाखला मागत नाही, आपण मागतो.

गोळ्यांच्या बाजूचा खर्चही लपवू नये. बेडाक्विलिनने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी वेळोवेळी काढावा लागतो. सोबतच्या लिनेझोलिडने रक्त कमी होतं, पायांच्या नसा बधिर होतात. रक्त तपासत राहावं लागतं, वेळप्रसंगी मात्रा कमी करावी लागते. जंतू कशाला दाद देतो हे आधी न तपासता गोळ्या वाटल्या तर तो बेडाक्विलिनलाही निर्ढावतो. त्यानंतर भागाकारात खालचा आकडा झपाट्याने घसरतो आणि महाग औषध खरोखरच महाग पडतं. ईसीजी मशीन धूळ खात पडलेलं आणि गोळ्या मात्र वेळेवर आलेल्या, असं दृश्य दिसलं तर समजावं की हिशेब कागदावरच राहिला.

पण मूळ निकाल आता वादाचा राहिलेला नाही. २०१८ मध्ये २५ देशांतल्या बारा हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून ‘लॅन्सेट’मध्ये छापली गेली. बेडाक्विलिन घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले आणि कॅनामायसिन घेणाऱ्यांचे निकाल उलट वाईट. म्हणजे ते स्वस्त इंजेक्शन कान घेऊन बदल्यात बरेपणाही देत नव्हतं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला निरोप दिला. पुढे बेडाक्विलिनसोबत प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार आला. त्याच्या चाचणीत शंभरातल्या ८९ जणांना गुण आला, त्या वेळच्या नेहमीच्या उपचाराने ५२. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने तो मंजूर केला. दोन वर्षांचे सहा महिने झाले म्हणजे सिस्टर, तपासण्या, फेऱ्या, मजुरी, सगळंच चौथ्या हिश्श्यावर येतं. इथे तर भागाकार करायचीही गरज उरत नाही. लाभ जास्त आणि एकूण खर्चही कमी असेल तर ‘परवडत नाही’ म्हणायला तोंड कुठलं?

तोंड आहे, खासगी मेडिक्लेमवाल्यांकडे. त्यांची नेहमीची पॉलिसी पैसे देते रुग्ण दाखल झाला तर. घरी बसून घेतलेल्या गोळ्या म्हणजे ओपीडी, आणि ओपीडी बहुतेक पॉलिसींत नाही. शिवाय करार एका वर्षाचा. आज चांगल्या औषधावर खर्च करावा आणि त्याचा फायदा दोन वर्षांनी दिसावा, तोवर ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेलेला. अशा विमाकर्त्याचा भागाकार वर्षाअखेरीस संपतो, रुग्णाचा आजार संपत नाही. म्हणून त्याने स्वस्त औषधाला पसंती दिली तर तो मूर्ख नाही, त्याच्या चोपड्यापुरता तो अचूक आहे. ईएसआय आणि सरकार यांचं मात्र तसं नाही. कामगार पंधरा वर्षं त्यांच्याकडेच राहणार, त्याचा खोकला त्याच लोकलमध्ये पसरणार, आणि पुढच्या पाच रुग्णांचं बिलही त्यांच्याच टेबलावर येणार. त्यांनी मेडिक्लेमवाल्यासारखा वर्षाचा हिशेब करणं हा अडाणीपणा आहे, आणि तो करणाऱ्यांच्या फायलीवर ऑडिटचा शेरा कधी आलेला मी तरी पाहिला नाही.